आकाशात पडणारे पट्टे: ८ बिट, १६ बिट आणि जोरकस टोन बदल

संधिछाया

नमस्कार. एका छायाचित्रावरून मला पडलेला प्रश्न सविस्तर मांडते. सूर्य मावळून गेल्यावर, ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून, आयएसओ १०० वर मी एक निरभ्र आकाश टिपले. चित्र ६००० बाय ४००० पिक्सेलचे असून वरच्या सुमारे २४०० ओळींमध्ये आकाशाखेरीज काहीही नाही. एक्स्पोजर चुकल्यामुळे चित्र फार अंधारे आले होते. कॅमेऱ्यातून निघालेली जेपेग फाइल उघडून मी लेव्हल्समध्ये काळे टोक १२ वर आणि पांढरे टोक ७५ वर आणले. आकाश उजळले, परंतु त्यात आडवे, रुंद पट्टे दिसू लागले. काही पट्टे जांभळट, तर काही हिरवट होते.

१६ बिटमध्ये काम केले की पट्टे पडत नाहीत असे वाचले होते. म्हणून तीच जेपेग पुन्हा उघडली, आधी `Image > Mode > 16 Bits/Channel` निवडले आणि मग तेच लेव्हल्स लावले. पट्टे तसेच्या तसे राहिले. त्यानंतर त्याच क्षणाची रॉ फाइल १६ बिटमध्ये उघडली आणि चित्र साधारण तेवढेच उजळले, तेव्हा आकाश एकसंध आले. दोन्ही वेळा फाइल १६ बिटचीच होती, तरीही फरक का पडला? आणखी एक गोष्ट म्हणजे, रॉवरून केलेले ते एकसंध आकाश शेवटी लहान जेपेग म्हणून निर्यात केले, तेव्हा त्यात पुन्हा पुसट पट्टे आले.

चौकट

तुम्ही मोड बदलताना काहीतरी राहून गेले असावे. माझा तर नियमच आहे की कोणतीही जेपेग उघडली की ती प्रथम १६ बिटमध्ये न्यायची. २५६ पायऱ्यांच्या जागी ६५,५३६ पायऱ्या मिळतात, मग पट्टे पडण्याचे कारणच उरत नाही. शिवाय हिस्टोग्राम पाहा. ८ बिटमध्ये लेव्हल्स ताणले की तो कंगव्यासारखा दातेरी होतो आणि १६ बिटमध्ये सलग राहतो. कंगवा दिसला की चित्र बिघडले, असे खुशाल समजावे.

रंगनिरीक्षक

चौकट यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते या प्रश्नाला लागू पडत नाही. संधिछाया, उत्तर देण्यापूर्वी एक माहिती हवी आहे. मूळ जेपेगमध्ये, कोणतीही दुरुस्ती करण्याआधी, आयड्रॉपर आकाशाच्या अगदी वरच्या टोकाला आणि मग क्षितिजाजवळ ठेवून तिन्ही चॅनलची मूल्ये कृपया येथे द्याल का? नमुना एका पिक्सेलचा न घेता ५ बाय ५ च्या सरासरीचा घ्यावा.

संधिछाया

वरच्या टोकाला लाल १४, हिरवा २२, निळा ३८. क्षितिजाजवळ लाल २२, हिरवा ४०, निळा ६८.

रंगनिरीक्षक

आभारी आहे. आता केवळ मोजणी करू. उत्तर तिच्यातच आहे.

निळा चॅनल ३८ पासून ६८ पर्यंत जातो, म्हणजे २४०० ओळींच्या आकाशासाठी त्याच्याकडे जास्तीत जास्त ३१ मूल्ये आहेत. प्रत्येक मूल्याच्या वाट्याला सरासरी ७७ ओळींचा पट्टा येतो. पट्टे मूळ जेपेगमध्येही आहेतच, परंतु शेजारच्या दोन पट्ट्यांत एकाच पायरीचा फरक असून सगळेच अंधारात असल्यामुळे ते डोळ्याला जाणवत नाहीत. १२ ते ७५ हा भाग ० ते २५५ पर्यंत ताणणे म्हणजे प्रत्येक पायरी सुमारे चार पट उंच करणे होय. निळा आता १०५ पासून २२७ पर्यंत जातो, तरी त्याच्याकडची मूल्ये ३१ च आहेत. पट्टे पूर्वीइतकेच ७७ ओळींचे आहेत, मात्र दोन पट्ट्यांमधली उडी एकावरून चारवर गेली आहे आणि तीही मधल्या उजळ छटांमध्ये, जेथे डोळा अधिक चिकित्सक असतो. त्यात भर म्हणजे सपाट भागांच्या सीमेवर आपली दृष्टी फरक वाढवून दाखवते. एर्न्स्ट माख यांच्या नावाने ओळखले जाणारे पट्टे ते हेच.

लाल चॅनलची स्थिती याहून बिकट आहे. १४ ते २२ म्हणजे केवळ नऊ मूल्ये, प्रत्येकाचा पट्टा सुमारे २६७ ओळींचा. हिरव्याकडे १९ मूल्ये आहेत आणि त्याचे पट्टे सुमारे १२६ ओळींचे. तिन्ही चॅनलच्या सीमा निरनिराळ्या ओळींवर पडतात. जेथे लाल एक पायरी चढला पण हिरवा अजून चढलेला नाही, तेथे आकाश जांभळट दिसते. हिरवा आधी चढला की ते हिरवट दिसते. तुमच्या पट्ट्यांना रंग का आहेत, याचे कारण एवढेच.

आता १६ बिटचा प्रश्न. जेपेग उघडून मोड बदलला की ३८ आणि ३९ ही मूल्ये मोठ्या पट्टीवर एकमेकांपासून दूर नेऊन ठेवली जातात. त्या दोघांच्या मध्ये शेकडो जागा निर्माण होतात, परंतु त्या सर्व रिकाम्या असतात, कारण तेथे काय ठेवायचे हे फाइलला ठाऊकच नसते. मूल्ये ३१ होती, ३१ च राहिली. लहान डब्यातले धान्य मोठ्या पिंपात ओतले म्हणून वाढत नाही.

रॉ फाइलमध्ये मात्र धान्यच अधिक असते. तुमचा कॅमेरा १४ बिटची रॉ देतो असे धरू. कॅमेऱ्याचा स्वतःचा टोन वक्र आणि व्हाइट बॅलन्स बाजूला ठेवून, निव्वळ एसआरजीबीच्या वक्राने उलट हिशेब केला, तर जेपेगमधले ३८ म्हणजे पूर्ण उजेडाच्या सुमारे १.९ टक्के आणि ६८ म्हणजे सुमारे ५.८ टक्के प्रकाश. १४ बिटच्या १६,३८४ पायऱ्यांमध्ये या टापूत साधारण ६३० पायऱ्या येतात, १२ बिटच्या रॉमध्ये दीडशेच्या आसपास. हा आकडा ढोबळ आहे, पण ३१ आणि काही शे यांमधला फरक स्पष्ट व्हायला तो पुरेसा आहे. ६५,५३६ हा पिंपाचा आकार आहे. त्यात किती धान्य पडेल हे फाइल १६ बिटमध्ये येण्याआधीच ठरलेले असते.

चौकट

मग जेपेग १६ बिटमध्ये नेण्याची माझी सवय निरर्थकच म्हणायची का? माझ्या अनुभवात तरी फरक दिसतो.

रंगनिरीक्षक

निरर्थक नाही. एकच बदल करायचा असेल तर लाभ जवळपास शून्य. लागोपाठ अनेक बदल करायचे असतील तर लाभ निश्चित आहे, कारण ८ बिटमध्ये प्रत्येक बदलानंतर उत्तर पूर्णांकात बसवावे लागते. एका पायरीवर चित्राचा काँट्रास्ट एक चतुर्थांश केला आणि पुढच्या पायरीवर तो चार पट करून परत आणला, असे समजा. ८ बिटमध्ये २५६ पैकी ६५ मूल्ये परत मिळतील, उरलेली मधल्या मुक्कामी एकमेकांत मिसळून कायमची गेली. १६ बिटमध्ये तीच ये-जा जवळपास निर्धोक होते. म्हणजे १६ बिटमुळे पुढचे नुकसान टळते, झालेले भरून येत नाही. तुम्ही पाहिलेला फरक बहुधा याच प्रकारचा असावा.

हिस्टोग्रामच्या कंगव्याविषयी मात्र मी सहमत नाही. पानांनी भरलेल्या झाडाच्या चित्रात दातांमधली फट दोन पायऱ्यांची असली तरी डोळ्याला काहीही दिसणार नाही. उलट फोटोशॉपमध्ये हिस्टोग्राम कॅशवरून काढलेला असेल, तर खोट्या फटीही दिसतात. कोपऱ्यातल्या इशाऱ्याच्या त्रिकोणावर टिचकी मारून तो ताजा करून घ्यावा लागतो. हिस्टोग्राम कोणती मूल्ये किती आहेत ते सांगतो. ती सपाट आकाशात शेजारीशेजारी पसरली आहेत की पानांमध्ये विखुरली आहेत, हे तो सांगत नाही, आणि पट्टे दिसणे न दिसणे नेमके त्यावरच ठरते.

टोकदार

मी अनेक वर्षे जवळपास सर्व काम ८ बिटमध्येच करतो आहे आणि आजवर कोणीही पट्टे दाखवून चित्र परत केलेले नाही. रंगदुरुस्तीवर लिहिणारे डॅन मार्गुलिस यांनी हा वाद पूर्वीच घातला होता. संगणकाने तयार केलेले ग्रेडियंट वगळून, खऱ्या रंगीत छायाचित्रावर नेहमीच्या दुरुस्त्या केल्या असता १६ बिटचा लाभ डोळ्याला दिसतो असे उदाहरण दाखवा, असे त्यांचे आव्हान होते. २४ मेगापिक्सेलची एक सपाट फाइल ८ बिटमध्ये ७२ दशलक्ष बाइट घेते आणि १६ बिटमध्ये त्याच्या दुप्पट. दहा लेयर झाले की संगणक धापा टाकू लागतो. जे दिसत नाही, त्यासाठी हा भार का वाहावा?

रंगनिरीक्षक

नेहमीच्या दुरुस्त्या आणि पोत असलेले विषय, एवढ्या मर्यादेत मला तुमचे म्हणणे मान्य आहे. खऱ्या छायाचित्रात नॉइज असतो आणि तो पट्ट्यांची सीमा विस्कटून टाकतो. ५० आणि ५१ यांच्या सीमेवर काही पिक्सेल इकडचे तिकडे पडले की डोळा त्यांची सरासरी घेतो आणि सीमा नाहीशी होते. परंतु संधिछाया यांच्या चित्रात तोच संरक्षक नाही. आयएसओ १००, कॅमेऱ्याने केलेले नॉइज रिडक्शन आणि वर जेपेगचे संपीडन यांनी आकाश घोटून गुळगुळीत केले आहे. त्यात ताण चार पटींचा. तो नेहमीच्या दुरुस्तीत मोडत नाही.

टोकदार

चार पट ताण देण्याची वेळ आली, तर ते चित्र मी मुळात निवडणारच नाही. त्यामुळे माझे मत मी बदलत नाही, मात्र निरभ्र आकाश हा अपवाद मानायला हरकत नाही.

निळावंती

माझीही हीच अडचण आहे, म्हणून येथेच विचारते. मी फक्त रॉ वापरते, १६ बिटमध्येच काम करते, आणि तरीही धुक्याच्या चित्रात पट्टे दिसतात. याचा अर्थ माझ्या कॅमेऱ्याची रॉ कमी बिटची आहे असा घ्यायचा का? कॅमेरा बदलण्याचा विचार मनात येतो आहे.

रंगनिरीक्षक

कॅमेरा बदलण्यापूर्वी दोन मिनिटांची एक तपासणी करावी. चित्र १०० टक्के आकारात पाहा, कारण लहान करून पाहताना प्रोग्राम कधीकधी कमी अचूकतेने काढलेले तात्पुरते चित्र दाखवतो. मग आयड्रॉपर एका पट्ट्यावरून पुढच्या पट्ट्यावर हळूहळू न्यावा. माहितीच्या चौकटीतले आकडे बराच वेळ थबकून मग एकदम तीन-चारने उडत असतील, तर पट्टे फाइलमध्येच आहेत. आकडे एकेकाने सरकत असतील आणि तरीही डोळ्यांना पट्टे दिसत असतील, तर फाइल निर्दोष असून दोष पडद्याकडे किंवा पडद्यापर्यंतच्या वाटेत आहे.

निळावंती

तपासले. आकडे १५१, १५२, १५३ असे एकेकाने सरकतात. पट्टे मात्र समोर दिसत आहेत आणि सगळे करड्या रंगाचेच नाहीत, काही गुलाबी छटेचे आहेत.

रंगनिरीक्षक

तर मग चित्राला दोष देऊ नये. पडद्याचे कॅलिब्रेशन करताना दुरुस्तीचे वक्र ग्राफिक्स कार्डात भरले जातात. पडद्याकडे जाणारा संकेत ८ बिटचाच असेल आणि कार्ड मधल्या छटा नॉइजने भरून देत नसेल, तर त्या वक्रांमुळे काही पायऱ्या एकत्र होतात आणि काही वगळल्या जातात. तिन्ही रंगांसाठी वक्र वेगवेगळे असल्यामुळे पट्ट्यांना रंग येतो. तात्पुरते ते कॅलिब्रेशन काढून तेच धुके पाहावे.

निळावंती

कॅलिब्रेशन काढल्यावर गुलाबी पट्टे गेले. करडे अगदी पुसट उरले आहेत, पण शोधल्याशिवाय दिसत नाहीत. कॅमेरा वाचला!

जुना_फिल्मवाला

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे. कृष्णधवल निगेटिव्ह स्कॅन करताना मी वर्षानुवर्षे ८ बिटच्या ग्रेस्केल टिफ साठवल्या. पातळ, फिकट निगेटिव्हचा स्कॅन हिस्टोग्रामच्या मधोमध ९० ते १५० एवढ्यातच मावतो आणि तो ताणून ० ते २५५ करावा लागतो. वरच्या पद्धतीने मोजले तर माझ्याकडे ६१ छटाच होत्या. रंगीत चित्रात एक चॅनल थबकला तरी दुसरा सरकत असतो, त्यामुळे उड्या काही प्रमाणात विभागल्या जातात. कृष्णधवलमध्ये तो आधारही नाही. असे असूनही फार थोड्या चित्रांत पट्टे दिसले, आणि जेथे दिसले तेथे मी आधी ग्रेन घालवण्याचा प्रयत्न केलेला होता.

रंगनिरीक्षक

तुमचे निरीक्षण अचूक आहे. ग्रेनच तेथे सीमा विस्कटण्याचे काम करत होता; तो काढला आणि ६१ पायऱ्या उघड्या पडल्या. यापुढे १६ बिटमध्ये स्कॅन करणे शक्य नसेल, तर काळे आणि पांढरे टोक स्कॅनरच्या प्रोग्राममध्येच, स्कॅन घेण्याआधी निश्चित करावे. बहुतेक स्कॅनर आतमध्ये ८ बिटपेक्षा अधिक खोलीने मोजतात. ताणण्याचे काम तेथेच झाले, तर २५६ पायऱ्या चित्राच्या खऱ्या टापूसाठी वापरल्या जातात.

जुना_फिल्मवाला

तसे केले तर उजळ भागातला एखादा तपशील कायमचा कापला जाण्याची भीती वाटते. सपाट स्कॅन घेणे मला अजूनही सुरक्षित वाटते. १६ बिटमध्येच घेईन म्हणजे वादच नको.

संधिछाया

माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. रॉवरून आलेले एकसंध आकाश जेपेग करताना पुन्हा का बिघडले?

रंगनिरीक्षक

रॉवरून केलेल्या चित्रात निळा चॅनल १०५ ते २२७ या टापूत जवळपास प्रत्येक पायरी वापरतो. शेवटी ८ बिटमध्ये आणले तरी १२३ पायऱ्या मिळतात आणि प्रत्येक पट्टा सुमारे २० ओळींचा, एका पायरीचा होतो. त्यावर सेन्सरचा बारीक नॉइज असला की काहीही दिसत नाही. म्हणून ८ बिटमध्ये वितरण करणे हा स्वतः दोष नाही. दोष पुढच्या पायरीत आहे. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे करते आणि त्यांतले सर्वांत क्षीण, बारीक चढउतार प्रथम टाकून देते. तुमचा संरक्षक नॉइज नेमका तसाच असतो. गुणवत्ता खाली आणली की तो पुसला जातो आणि प्रत्येक ठोकळा एका सपाट मूल्यावर बसतो. निर्यातीची गुणवत्ता वाढवून पाहावी. फाइलचा आकार मर्यादित ठेवणे भाग असेल, तर १६ बिटमध्ये असतानाच आकाशावर थोडा अधिक नॉइज टाकावा, म्हणजे संपीडनानंतरही त्यातला काही टिकेल. किती, हे चित्रावर आणि आकारावर ठरते. मी अर्ध्या टक्क्यापासून सुरुवात करतो आणि निर्यात केलेली फाइल पुन्हा उघडून पाहतो.

संधिछाया

समजले. आता थोडी कबुली. त्याच दिवसाच्या आणखी एका चित्राची रॉ माझ्याकडे उरलेली नाही, केवळ जेपेग आहे. ते सोडून द्यायचे का?

रंगनिरीक्षक

सोडण्यापूर्वी एक उपाय करता येतो, आणि येथे चौकट यांची सवय खरोखर उपयोगी पडते. रिकाम्या जागा आपोआप भरत नाहीत, पण सरासरी काढणारी क्रिया त्या भरू शकते. फाइल १६ बिटमध्ये न्यावी, आकाशाचा मास्क करावा आणि लेव्हल्स लावण्याआधी केवळ आकाशावर गाउसियन ब्लर द्यावा. पट्टे ७७ ओळींचे आहेत, म्हणून दोन-तीन पिक्सेलच्या ब्लरने सीमा थोडी मऊ होईल, पट्टा तसाच राहील. त्रिज्या पट्ट्याच्या रुंदीच्या जवळपास, म्हणजे ५० ते ८० पिक्सेल लागेल. लाल चॅनलचे पट्टे त्याहून रुंद असल्याने तो चॅनल स्वतंत्रपणे अधिक ब्लर करावा लागू शकतो. ३८ आणि ३९ यांच्यामधली मूल्ये १६ बिटमध्ये या सरासरीतून तयार होतात. ८ बिटमध्ये हाच ब्लर दिला तर उत्तर पुन्हा ३८ किंवा ३९ असेच बसेल. त्यानंतर लेव्हल्स, मग थोडा नॉइज, आणि सर्वांत शेवटी ८ बिट. यातून खरे आकाश परत येत नाही, त्याचा पटण्याजोगा अंदाज मिळतो.

चौकट

जिम्पमध्ये हे करणाऱ्यांसाठी जोड देतो. २०१८ मध्ये आलेल्या २.१० पासून तेथे ८ बिटच्या पलीकडे काम करता येते. `Image > Precision` मध्ये १६ बिट निवडावे. परत ८ बिटमध्ये येताना जी खिडकी उघडते, तिच्यात डिदरिंगचा पर्याय आहे. तो निवडला की शेवटची पायरी पुष्कळ सुसह्य होते.

संधिछाया

करून पाहिले. मोकळ्या आकाशातले पट्टे खरोखर गेले. परंतु दुसऱ्या चित्रात आकाशावर निष्पर्ण फांद्यांचे जाळे आहे. मास्क केला तरी ७० पिक्सेलच्या ब्लरमुळे फांद्यांचा काळेपणा शेजारच्या आकाशात झिरपला आणि लेव्हल्सनंतर प्रत्येक फांदीभोवती धुरकट वलय उमटले.

रंगनिरीक्षक

मास्कमुळे ब्लरचा परिणाम कोठे दिसावा एवढेच ठरते. ब्लर सरासरी काढताना फांद्यांचे पिक्सेलही मोजतो, म्हणून वलय येते. ब्लर देण्यापूर्वी आकाशाच्या वेगळ्या प्रतीवर फांद्या आजूबाजूच्या आकाशाने भरून घ्याव्यात, त्या प्रतीला ब्लर द्यावा आणि मूळ फांद्या मास्कने तिच्यावर परत आणाव्यात. जाड फांद्यांच्या बाबतीत हे चांगले जमते. बारीक काटक्यांच्या जाळ्यात, जेथे दोन काटक्यांमध्ये चार-पाच पिक्सेलचेच आकाश आहे, तेथे मला आजवर समाधानकारक काही जमलेले नाही. तेथे मी ब्लर अजिबात देत नाही. काटक्यांच्या गर्दीत पट्टे फारसे नजरेत भरत नाहीत.

टोकदार

काटक्यांच्या भागापुरते तरी ८ बिट पुरले म्हणायचे.